भोकं असलेलं भांडं : एका वस्तूचा उपयोग कसा ओळखावा

मागच्या व्याख्यानात आपण अनुमान म्हणजे काय, हे न्यायशास्त्राच्या अंगाने पाहिलं. तेव्हा काही जणांनी विचारलं होतं की सर, डोंगरावरचा धूर आणि अग्नी आता पुरे, आमच्या घरातलं एखादं उदाहरण द्या. तर आज मी माझ्याच आत्याच्या घरातलं उदाहरण घेऊन आलो आहे.

आत्याचं घर आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पूर्वेला. आत्या नव्वदीच्या पुढची. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ती पुण्याला लेकीकडे आली होती आणि इकडे घर दुरुस्तीला काढलेलं. माळा रिकामा करायला मी आणि माझा आतेभाऊ. स्वयंपाकघराच्या आढ्याला दोरीने टांगलेली एक लाकडी वस्तू निघाली. वाडग्यासारखी. तोंड वीतभर रुंद, खाली निमुळती होत गेलेली, जाड लाकडाची, आणि तळाला चार भोकं. प्रत्येक भोकात अंगठा सहज जाईल एवढं मोठं. आत लसणाची वाळलेली सालं, बाहेरून चुलीच्या धुराची काजळी.

आतेभावाची सून म्हणाली, "ही चाळणी असणार." आतेभाऊ म्हणाला, "शेवयांचा साचा असेल." रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने जुन्या वस्तू सजावटीला मागितल्या होत्या. त्याला ते द्यायचं असं जवळजवळ ठरलंही होतं. मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

आता पहा, पहिली चूक कुठे होते. भोकं आहेत म्हणून चाळणी, असं आपण म्हणतो. पण भोकं चाळणीला असतात, झाऱ्याला असतात, सोऱ्याला असतात, झाडाच्या कुंडीलाही असतात. जे लक्षण अनेक ठिकाणी सापडतं त्यावरून एकच गोष्ट सिद्ध होत नाही. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, म्हणजे इकडेतिकडे भटकणारा हेतू. तेव्हा प्रश्न असा विचारायचा की या वस्तूत असं काय आहे, जे चाळणीत असण्याचं काहीच कारण नाही?

आम्ही ती धुतली आणि उजेडात नीट पाहिली. चार गोष्टी दिसल्या.

पहिली, तिला बूड नाही. जमिनीवर ठेवली की कलंडते. म्हणजे ही ठेवायची वस्तू नव्हे, कशाला तरी बांधायची वस्तू आहे. काठाच्या खाली बाहेरून एक खाच फिरली होती, दोरी बसेल अशी, आणि तिथलं लाकूड दोरीने झिजलेलंही होतं.

दुसरी, भोकं मोठी आहेत. तांदूळ काय, हरभराही आरपार जाईल. म्हणजे काही अडवण्यासाठी ती नाहीत, जाऊ देण्यासाठी आहेत. चाळणी बाद. साचाही बाद, कारण साच्यात दट्ट्या घट्ट बसावा लागतो आणि याचं तोंड तर वर पसरट.

तिसरी, आतल्या बाजूला भोकांच्या मधोमध लाकडाचा एक उंचवटा राखलेला होता. वरून काही टाकलं तर ते मध्ये साचू नये, चारही बाजूंना वाटलं जावं, असा तो घाट. भोकांच्या कडा आतून गुळगुळीत झालेल्या आणि खालून मात्र दाबल्यासारख्या. म्हणजे खालून भोकात काहीतरी गोल वस्तू बसवत असणार.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. भोकं सरळ खाली जात नव्हती, तिरपी होती. दोन जास्त तिरपी, दोन कमी.

सुताराने जाड लाकडात तिरपं भोक पाडायचं म्हणजे जास्तीचं काम. कोणी उगीच करत नाही. मग आम्ही एक साधा प्रयोग केला. दोन खुर्च्यांच्या मध्ये ती वस्तू जमिनीपासून अडीच फुटांवर धरली आणि चारही भोकांतून खाली बांबूच्या बारीक काड्या सोडल्या, भोकाचा कल ठेवून. काड्या फाकत गेल्या आणि जमिनीला टेकल्या त्या एका रांगेत. त्यांच्यामधली अंतरं मोजली. दहा इंच, तेरा इंच, बारा इंच. काडी भोकात सैल बसते, त्यामुळे दोन-तीन इंचांची चूक धरूनच चालायचं. पण ढोबळमानाने एकेक फूट.

एका फुटावर चार समांतर ओळी. मित्रहो, आता तुमच्यातले शेतकरी घरातले लोक हसत असतील. पण मी वाढलो पुण्याच्या पेठेत. "चाड्यावर मूठ धरली" हा शब्दप्रयोग मी शेकडो वेळा वाचला, भाषणात वापरलाही. चाडं मात्र आयुष्यात पाहिलं नव्हतं. शब्दकोशात शब्दावरून वस्तू सापडते, वस्तूवरून शब्द सापडत नाही. त्या काड्या जमिनीला टेकल्या तेव्हा मला तो शब्द आठवला. हे पाभरीचं चाडं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाभर म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. मराठवाड्यात, विदर्भात तिफण म्हणतात. एका आडव्या जड लाकडात तीन किंवा चार फण बसवलेले असतात, ते जमिनीत रेघा ओढत जातात. प्रत्येक फणाच्या मागे बांबूची पोकळ नळी, आणि सगळ्या नळ्या वर येऊन एका वाडग्यात मिळतात. तो वाडगा म्हणजे चाडं. पेरणारा ओटीत बी घेऊन मागून चालतो आणि चाड्यावर मूठ धरून दाणे सोडत जातो. दाणे चार नळ्यांत वाटले जातात आणि चार रेघांत पडतात. मागून फळी किंवा हलका कुळव फिरवून बी झाकतात.

ऐकायला सोपं वाटतं. म्हणून मी एक हिशेब करून पाहिला, तुम्हीही करा. बाजरीचं बी एकरी साधारण दीड किलो धरा. चार ओळी एकेक फुटावर, म्हणजे एका फेरीत चार फूट रुंदी पेरली जाते. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चारने भागलं तर जवळजवळ अकरा हजार फूट, म्हणजे सव्वातीन किलोमीटर चाल. दीड किलो बी सव्वातीन किलोमीटरवर पुरवायचं. बाजरीचा दाणा किती लहान असतो ते तुम्हाला माहीत आहे. हिशेब असा येतो की दर पावलाला मुठीतून तीस-पस्तीस दाणे सुटले पाहिजेत, ना जास्त ना कमी, आणि प्रत्येक ओळीला आठेक. बैल चालत असताना, ढेकळांतून, दिवसभर.

चुकलं की लगेच कळत नाही, हीच त्यातली अडचण. चाडं एका बाजूला कललं तर त्या बाजूच्या ओळी दाट येतात आणि दुसऱ्या बाजूच्या विरळ. ओल जास्त असली तर नळीच्या तोंडाशी चिखल बसतो, नळी तुंबते आणि एक अख्खी ओळ कोरी जाते. ते दिसतं आठ-दहा दिवसांनी, उगवण झाल्यावर. मग नांगे भरत बसायचं. म्हणून चांगला पेरणारा अधूनमधून पाभर उचलून नळ्या पाहतो.

या अंतरावरून आणखी एक गोष्ट निघते. रब्बीच्या ज्वारीची पाभर जड असते, तिचे फण तीन आणि लांब, दीड दीड फुटावर. आमच्या चाड्याला भोकं चार आणि अंतर फुटाचं. म्हणजे हे खरिपाच्या बाजरीचं चाडं. आज त्या शिवारात डिंभे धरणाच्या कालव्याचं पाणी आहे. ऊस आहे, कांदा आहे. बाजरी कमी झाली, जी आहे ती ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने. पाभर मोडली, तिचं लाकूड चुलीत गेलं असेल. चाडं तेवढं राहिलं, कारण त्याला हवा खेळती असल्यामुळे त्यात लसूण चांगला टिकतो. म्हणजे काजळी खोटी नव्हती. ती वस्तूच्या दुसऱ्या आयुष्याची खूण होती आणि आम्ही तिलाच पहिलं आयुष्य समजलो. स्वयंपाकघरात सापडलं म्हणून स्वयंपाकाचं, एवढंच आमचं तर्कशास्त्र.

अशी चूक मोठ्या माणसांचीही झाली आहे. कॅप्टन थॉमस हॅलकॉट नावाचा इंग्रज अधिकारी १७९० च्या दशकात दक्षिण भारतात होता. ओळीत पेरणारं यंत्र हा युरोपचा अलीकडचा शोध आहे, अशी त्याची समजूत. इंग्लंडमध्ये जेथ्रो टलचं यंत्र १७०१ सालचं. हॅलकॉटने इथे शेतकऱ्यांना अशाच अवजाराने पेरताना प्रत्यक्ष पाहिलं, आपली समजूत चुकली हे मान्य केलं आणि लंडनच्या शेती मंडळाला तसं कळवलं. त्याच्यासमोर निदान अवजार चालू होतं. आमच्यासमोर एक सुटा भाग होता, आणि तो भलत्या जागी टांगलेला.

आत्या पंधरा दिवसांनी परत आली. ते चाडं तिच्यासमोर ठेवलं आणि काही न सांगता विचारलं, "आत्या, हे काय आहे गं?"

"आरं, पाभरीचं चाडं हाय त्ये. त्यात लसूण होता, कुठं टाकला?"

अनुमान शब्दप्रमाणाने पक्कं झालं, मी खूश. माझा पुढचा प्रश्न मात्र चुकीच्या समजुतीतूनच आला. मी विचारलं, "मामा पेरायचे ना यानं?"

ती म्हणाली, "त्ये मुंबईला गिरणीत. दुष्काळाच्या सालापासनं मीच धरली की मूठ. दीर पाभर हाकायचा, त्याची मूठ जाड पडायची. सासरा म्हणला, बी वाया जातंय, हिच्या हातात द्या."

दुष्काळाचं साल म्हणजे १९७२. या भागातली कितीतरी घरं तशी चालली, पुरुष मुंबईत आणि शेत बायकांवर. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. माझी आत्या पंधरा पावसाळे पेरणी करत होती, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. तिच्या मुलालाही नीटसं आठवत नव्हतं. तो तेव्हा लहान, आणि घरात बोलताना सगळे "आमची पेरणी झाली" एवढंच म्हणायचे.

तेव्हा अनुमानाची मर्यादाही लक्षात घ्या. भोकांच्या तिरकेपणावरून ओळींचं अंतर निघालं, अंतरावरून पीक निघालं, झिजेवरून बांधायची पद्धत निघाली. मूठ कोणाची होती, हे लाकडावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते विचारावंच लागलं, आणि ज्यांना विचारायचं ती माणसं आता फार थोडी उरली आहेत.

चाडं हॉटेलात गेलं नाही. आत्याने त्यात पुन्हा लसूण भरला आणि ते होतं तिथेच टांगायला लावलं. तिला विचारून मी त्याची मापं घेतली, भोकांचा कल मोजला, फोटो काढले आणि सोबत तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. तुमच्या घरी अशी वस्तू निघाली तर आधी ती कुठे आणि कशी टांगली होती याचा फोटो काढा, मग धुवा. आम्ही आधी धुतली, आणि आतल्या खाचेत काही जुने दाणे अडकलेले असतील तर तेही मोरीतून गेले. ती चूक माझी.

आता तुमचे प्रश्न घेऊ.