परकीय चलनातील दरपत्रक : मुदत आणि विनिमय दराची अट

मुंबई : परदेशी ग्राहकाला डॉलरमध्ये दर देणारा उत्पादक खर्च मात्र बहुतांशी रुपयांत करतो. कामगारांचे वेतन, वीजबिल, गाळ्याचे भाडे आणि स्थानिक कच्चा माल यांपैकी काहीही डॉलरमध्ये द्यावे लागत नाही. त्यामुळे दरपत्रक पाठविल्यानंतर रुपया वधारला, तर डॉलरमधील किंमत तीच राहूनही हाती पडणारे रुपये घटतात. २००७ साली अंधेरीतील सीप्झपासून मुलुंडपर्यंतच्या निर्यातदारांना याचा प्रत्यय आला. त्या वर्षाच्या आरंभी सुमारे ४४ रुपयांना मिळणारा डॉलर वर्षअखेरीस ३९ रुपये ४० पैशांच्या आसपास आला होता.

एक उदाहरण घेऊ. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याने जानेवारी २००७ मध्ये परदेशी ग्राहकासाठी यंत्राचे दरपत्रक तयार केले, असे समजा. उत्पादन खर्च ४० लाख रुपये, त्यावर चार लाखांचा नफा, म्हणजे एकूण ४४ लाख. डॉलरचा भाव ४४ धरून किंमत ठरली एक लाख डॉलर. यंत्र वर्षअखेरीस रवाना झाले तेव्हा त्याच एक लाख डॉलरचे ३९ लाख ४० हजार रुपये झाले. काम चोख झाले, ग्राहकाने पैसेही वेळेवर दिले. तरी चार लाखांचा नफा जाऊन ६० हजारांचा तोटा पदरी पडला.

ही जोखीम तीन टप्प्यांत विभागलेली असते. दरपत्रकापासून मागणीपर्यंतचा पहिला टप्पा वैधतेच्या मुदतीने, मागणीपासून बीजकापर्यंतचा दुसरा विनिमय दराच्या अटीने आणि बीजकापासून पैसे मिळेपर्यंतचा तिसरा बँकेशी केलेल्या फॉरवर्ड कराराने सांभाळायचा असतो. एका टप्प्याचे साधन दुसऱ्या टप्प्यात फारसे उपयोगी पडत नाही.

मुदत किती असावी?

दरपत्रकावर ‘९० दिवसांसाठी वैध’ असे लिहिणे म्हणजे ग्राहकाला तीन महिन्यांची सवलत फुकट देणे होय. या काळात रुपया घसरला, तर जाणकार ग्राहक नवे, स्वस्त दरपत्रक मागतो. रुपया वधारला, तर इतर भारतीय उत्पादकांचे नवे दर महागलेले असतात. मग तो जुने दरपत्रक बाहेर काढून त्यावरच मागणी नोंदवितो. म्हणजे दीर्घ मुदतीची दरपत्रके नेमकी उत्पादकाला नुकसान होणार असेल तेव्हाच स्वीकारली जातात. म्हणून डॉलरमधील दरासाठी १५ दिवसांची मुदत सोयीची ठरते. ग्राहकाच्या कार्यालयात मंजुरीला अधिक वेळ लागत असेल, तर तांत्रिक तपशिलांना ६० दिवस आणि किमतीला १५ दिवस अशा दोन वेगळ्या मुदती देता येतात.

मुदतीचे शब्दही काटेकोर हवेत. ‘१५ दिवस’ एवढेच लिहिल्यास ते कोणत्या दिवसापासून मोजायचे, असा वाद उद्भवतो. तारीख, भारतीय प्रमाणवेळेनुसार तास आणि ‘स्वीकृती त्या वेळेपूर्वी आमच्याकडे पोहोचली पाहिजे’ हे तिन्ही नमूद करावे. भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये पत्राने दिलेली स्वीकृती ती रवाना होताच प्रस्ताव देणाऱ्यावर बंधनकारक ठरते. म्हणून ‘पोहोचली पाहिजे’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा. याच कायद्यानुसार ठरलेली मुदत उलटली की प्रस्ताव आपोआप संपुष्टात येतो.

अटीत काय असावे?

‘विनिमय दरात बदल झाल्यास किंमत बदलेल’ एवढे मोघम वाक्य ग्राहक मान्य करीत नाही आणि वादाच्या वेळी ते टिकतही नाही. अटीत चार गोष्टी स्पष्ट हव्यात : आधार दर, दराचा स्रोत, दर पाहण्याचा दिवस आणि किती चढउतारापर्यंत किंमत कायम राहील ती मर्यादा.

स्रोत दोन्ही पक्षांना तपासता येईल असा असावा. डॉलरचा संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करीत असे; जुलै २०१८ पासून तो फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर करते. बँक निर्यातदाराला याहून काहीसा कमी खरेदी दर देते, तर सीमाशुल्क विभागाचा दर वेगळाच असतो. म्हणून आधार दर आणि नंतरचा दर एकाच स्रोताचे असावेत. एका दिवसाच्या उसळीने किंमत हलू नये यासाठी बीजकापूर्वीच्या पाच कामकाजी दिवसांची सरासरी घेता येते. त्यामुळे मुंबईतील बँकांच्या सुटीचा प्रश्नही सुटतो.

आता वरच्या उदाहरणात अशी अट होती, असे समजा : आधार दर ४४, दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांपर्यंत किंमत कायम, त्यापलीकडचा फरक निम्मा-निम्मा. दोन टक्क्यांची खालची मर्यादा येते ४३ रुपये १२ पैसे. बीजकाच्या वेळचा दर ३९.४० असल्याने डॉलरमागे ३ रुपये ७२ पैसे, म्हणजे एक लाख डॉलरवर ३ लाख ७२ हजारांचा फरक पडतो. निम्मे १ लाख ८६ हजार ग्राहकाने सोसायचे, ३९.४० ने भागल्यास ते सुमारे ४,७२१ डॉलर होतात. बीजक १,०४,७२१ डॉलरचे निघते आणि हाती सुमारे ४१ लाख २६ हजार रुपये येतात. नफा घटला, पण तोटा टळला.

अट दुतर्फा असेल तरच ग्राहक ती स्वीकारतो. याच हिशेबाने डॉलर ४८ वर गेला, तर वरची मर्यादा ४४.८८ धरून ग्राहकाला ३,२५० डॉलरची सूट द्यावी लागेल. तरीही उत्पादकाला ४६ लाख ४४ हजार मिळतील. २००८ च्या अखेरीस डॉलर खरोखरच ४८ च्या वर होता. काही सुटे भाग डॉलर मोजून आयात केलेले असतील, तर किमतीचा तेवढा हिस्सा अटीतून वगळणे न्याय्य ठरते, कारण तेथे खर्च आणि उत्पन्न एकाच चलनात आहे.

अट कोठे निसटते?

पहिली जागा म्हणजे ग्राहकाचा मागणीपत्राचा छापील नमुना. त्यात ‘किंमत निश्चित’ असे लिहिलेले असते आणि विनिमय दराच्या अटीचा उल्लेख नसतो. हा कायद्याने प्रतिप्रस्ताव ठरू शकतो. त्यावर काही न कळविता माल रवाना केला, तर त्याच्या अटी मान्य केल्या असा अर्थ निघू शकतो. म्हणून मागणीची पोच देतानाच अट शब्दशः पुन्हा लिहावी आणि त्यावर ग्राहकाची संमती घ्यावी.

दुसरी जागा लेटर ऑफ क्रेडिटची. त्यातील रक्कम एक लाख डॉलर असेल, तर अधिक रकमेचे बीजक नाकारण्याचा बँकेला अधिकार असतो. ते स्वीकारले तरी बँक मूळ रकमेपलीकडे पैसे देत नाही. त्यासाठी वाढीव रकमेची तरतूद लेटर ऑफ क्रेडिटमध्येच करून घ्यावी किंवा फरक स्वतंत्रपणे पाठविण्याचे करारात ठरवावे. रकमेपूर्वी ‘सुमारे’ असा शब्द असल्यास दहा टक्क्यांपर्यंत कमी-अधिक चालते, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. वरच्या उदाहरणातील वाढ पाच टक्क्यांच्या आत असल्याने या एका शब्दानेही काम भागले असते.

दर पाहण्याचा दिवस पैसे मिळण्याचा नव्हे, तर बीजकाचा ठेवावा, याचे कारणही कागदपत्रांत आहे. बीजक, शिपिंग बिल आणि बँकेत जमा झालेली रक्कम यांचा मेळ बसावा लागतो. पैसे आल्यानंतर किंमत बदलल्यास खुलासे करावे लागतात. बीजकाची रक्कम एकदा ठरली की तेवढ्याच डॉलरचा, पैसे येण्याच्या तारखेचा फॉरवर्ड करार बँकेशी करता येतो. तिसरा टप्पा तेथे बंद होतो.