सापडलेलं पाकीट, ठेवलेला डबा आणि नऊशे वर्षांपूर्वीचा कायदा

रिक्षावाल्याने प्रवाशाची दागिन्यांची पिशवी परत केली, ही बातमी आमच्याकडे वर्षातून चार-पाच वेळा येते. पोलीस ठाण्यात फोटो, हातात पिशवी, शाल-श्रीफळ, मथळा ठरलेला: 'प्रामाणिकपणा अजून जिवंत'. मीही असे मथळे दिलेत. पण मालक आलाच नाही तर काय, आणि 'माझीच आहे' म्हणणारे दोघं आले तर काय, हे त्या बातमीत कधी नसतं. जुन्या धर्मशास्त्रकारांनी मात्र नेमका त्याच प्रश्नांवर वेळ घालवला होता. गेले काही दिवस मी ते वाचतोय, म्हणून ही जरा लांब पोस्ट.

'मिताक्षरा' हे नाव आपल्याकडे वाटणीच्या दाव्यात ऐकू येतं. वडिलोपार्जित जमीन, सहहिस्सेदार वगैरे. हा ग्रंथ म्हणजे याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका. लिहिणारा विज्ञानेश्वर, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (1076 ते 1126) याच्या काळातला, कल्याणीचा. हे कल्याणी म्हणजे ठाण्याजवळचं कल्याण नव्हे, तर बिदर जिल्ह्यातलं, आपल्या सीमेजवळचं बसवकल्याण. इंग्रजांच्या कोर्टांनी त्यातला वारशाचा भाग उचलला आणि तोच लोकांच्या लक्षात राहिला. पण त्याच ग्रंथात हरवलेल्या वस्तू, ठेव आणि दान यांवरही सविस्तर नियम आहेत.

आधी हरवलेल्या वस्तूचं बघू.

गौतम धर्मसूत्र याज्ञवल्क्याच्याही आधीचं. त्यात सांगितलंय की बेवारस वस्तू सापडली तर राजाला कळवायचं. राजाने ती जाहीर करायची, म्हणजे आपल्या भाषेत दवंडी द्यायची, आणि वर्षभर सांभाळायची. तरीही मालक आला नाही तर चौथा हिस्सा सापडवणाऱ्याला, उरलेला राजाला. म्हणजे सापडवणाऱ्याला नुसती शाबासकी नव्हती, ठरलेला वाटा होता. अट एकच, वस्तू लपवायची नाही.

मालक म्हणून कुणी आला तर त्याची परीक्षा. 'हे माझं' एवढं म्हणून भागत नाही. मनुस्मृती सांगते की वस्तू कशी होती, किती नग होते, कुठे आणि कधी हरवली, रंग काय, आकार काय, हे त्याने सांगायचं. सांगता आलं नाही तर वस्तू मिळणार नाहीच, वर तिच्या किमतीएवढा दंड. आज पोलीस ठाण्यात दागिन्याचं वजन नि खूण विचारतात किंवा मोबाईलचा आयएमईआय नंबर मागतात, ते हेच. फरक दंडाचा. तेव्हा खोटा मालक होणं महागात पडायचं.

सांभाळण्याचा मोबदलाही ठरलेला होता. मनूने सहावा, दहावा किंवा बारावा भाग, असे तीन आकडे दिलेत, पण कधी कोणता, हे सांगितलेलं नाही. ते विज्ञानेश्वराने वर्षांवर बसवलं. समजा, 120 नाण्यांची पिशवी सापडली. मालक पहिल्या वर्षात आला तर पूर्ण 120 परत. दुसऱ्या वर्षी आला तर बारावा भाग म्हणजे 10 कापून 110. तिसऱ्या वर्षी दहावा भाग, 12 कापून 108. चौथ्या वर्षापासून सहावा भाग, 20 कापून 100. उशीर जितका जास्त तितकी सांभाळणावळ जास्त, पण मालकाचा हक्क मुदत उलटली म्हणून एका दिवसात शून्यावर येत नाही.

चुकलेल्या जनावरांचे दर वेगळे होते. याज्ञवल्क्याने घोड्यासारख्या एका खुराच्या जनावराला 4 पण, म्हैस, उंट, गाय यांना प्रत्येकी 2 पण, शेळी-मेंढीला पाव पण सांगितलाय. पण म्हणजे तेव्हाचं नाणं. याच यादीत माणूसही आहे, 5 पण. माणसावरही मालकी चालायची, त्या काळातला कायदा आहे हा, ते झाकून वाचता येत नाही. तसंच पुरलेलं धन विद्वान ब्राह्मणाला सापडलं तर सगळं त्याचं, इतरांना मात्र वेगळा नियम. पण पुढचा ठेवीचा भाग वाचताना मला तो आजच्या तालुका कोर्टातल्या प्रकरणांसारखाच वाटत राहिला.

ठेवीचे प्रकार किती बारकाईने केलेत बघा. डब्यात किंवा गाठोड्यात बंद करून, आत काय ते न सांगता दुसऱ्याच्या हाती दिलं, तो उपनिधी. समोर मोजून दिलं, तो निक्षेप. घरधनी घरी नाही म्हणून घरातल्या माणसाकडे 'त्यांना द्या' म्हणून ठेवलं, तो न्यास. लग्नकार्यासाठी मागून आणलेले कपडे-दागिने, ते याचित. आणि आपल्याकडे आलेली ठेव आपण पुढे तिसऱ्याकडे ठेवली, तर ते अन्वाहित. या सगळ्यांना एकच नियम: जसं दिलं तसंच परत. सीलबंद दिलं असेल तर सीलबंदच.

आता एक प्रकरण घेऊ, माणसं काल्पनिक. एका बाईंनी यात्रेला जाताना दागिन्यांचा बंद डबा शेजाऱ्यांकडे ठेवला. परत आल्या तर डबा नाही. शेजारी म्हणतात, चोरी झाली. मग काय?

पहिली शक्यता, चोरी खरी आहे आणि शेजाऱ्यांचं स्वतःचं सामानही गेलंय. मग भरपाई नाही. राजाने नेलं, दैवाने गेलं म्हणजे आग-पूर वगैरे, किंवा चोराने नेलं, तर ठेव ठेवून घेणारा जबाबदार नाही. नारदाने खूणही दिलीय: त्याच्या मालाबरोबर गेलं असेल तर ते ठेवणाऱ्याचं गेलं. स्वतःचं कपाट शाबूत आणि फक्त शेजारणीचा डबा गेला, तर संशयाला जागा आहे.

दुसरी शक्यता, बाई डबा मागायला गेल्या होत्या, शेजारी 'उद्या या' म्हणाले आणि त्या रात्री चोरी झाली. इथे सगळं उलटतं. मागितल्यावर दिलं नाही आणि नंतर गेलं, तर चोराचं नाव सांगून सुटका नाही. पूर्ण किंमत भरायची, शिवाय तेवढाच दंड राजाला. जबाबदारी पालटते ती मागितल्याच्या क्षणापासून. हा मुद्दा आजच्या कायद्यातही आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 161 म्हणतं की ठेवलेला माल योग्य वेळी परत केला नाही, तर त्या वेळेपासून होणाऱ्या नुकसानीला ठेवून घेणारा जबाबदार. हे कलम इंग्रजी कायद्याच्या वाटेने आलं, मिताक्षरेतून नव्हे. दोन वेगळ्या वाटा एकाच जागी येऊन थांबल्या.

तिसरी शक्यता, चोरीबिरी काही नाही, शेजाऱ्यांनी दागिने गहाण टाकून धंद्यात पैसे घातले. मग दंड, आणि ठेव व्याजासकट परत. 'तुमचं सोनं पडूनच होतं, मी वापरलं तर बिघडलं काय' हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

कात्यायनाने याची चढती पायरीच लावली आहे. ठेव खाल्ली तर व्याजासह द्या. दुर्लक्षाने गेली तर तेवढीच द्या. अजाणतेपणी गेली तर थोडी कमी द्या, आणि 'थोडी कमी' म्हणजे पाव हिस्सा कमी, असं विज्ञानेश्वर सांगतो. म्हणजे 'वस्तू गेली का' एवढ्यावर निकाल नाही, 'गेली तेव्हा तुम्ही काय करत होता' यावर आहे.

साक्षीदारच नसेल तर? मनुस्मृतीतली युक्ती एखाद्या स्टिंग ऑपरेशनसारखी आहे. न्यायाधीशाने साजेशा वयाची नि रूपाची आपली माणसं त्या शेजाऱ्याकडे पाठवायची. त्यांनी काहीतरी कारण सांगून सोनं ठेवायचं आणि नंतर परत मागायचं. त्याने जसंच्या तसं दिलं तर बाईंचा दावा फेटाळा. नाही दिलं तर दोन्ही ठेवी वसूल करा. अर्थात यात खोट आहे. एकदा प्रामाणिक वागला म्हणून आधीही वागला असेलच, असं नाही. पण ठेव न ठेवता मागणारालाही ठेव बुडवणाऱ्याएवढीच शिक्षा त्याच ग्रंथात आहे, म्हणून दावा करणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागे.

दानाचा संबंध इथेच येतो. नारदाने आठ गोष्टी 'अदेय' म्हणजे दान देता न येणाऱ्या सांगितल्या. त्यात निक्षेप, याचित आणि अन्वाहित आहेत. दुसऱ्याची ठेव देवाच्या कामाला दिली, तरी तो दाता ठरत नाही. जे आपलं नाही ते देण्यात पुण्य कसलं?

आता आजच्या ठेवीबद्दल, कारण आपल्या भागात हा शब्द उच्चारला की पतसंस्थाच डोळ्यांपुढे येते. मराठीत दोन्हीला 'ठेव' म्हणतात, पण कायद्यात त्या एक नाहीत. शेजाऱ्याकडच्या डब्यावर मालकी तुमचीच राहते. बँकेत किंवा पतसंस्थेत भरलेल्या पैशावर ती राहत नाही. तुम्ही ते पैसे कर्जाऊ दिलेले असतात, संस्था ते वापरणार हे गृहीत असतं आणि तुम्ही सावकार ठरता. जुन्या शास्त्राच्या भाषेत ते निक्षेपाचं नाही, ऋणाचं प्रकरण. म्हणून संस्था बुडाली की 'माझे पैसे काढून द्या' म्हणता येत नाही, देणेकऱ्याच्या मागे लागलेल्या इतरांबरोबर रांगेत उभं राहावं लागतं. बँकेतल्या ठेवीला निदान 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही.

पण सराफाकडे दुरुस्तीला दिलेलं मंगळसूत्र, लॉन्ड्रीत टाकलेली पैठणी, नात्यातल्या कुणाकडे ठेवलेलं सोनं, हे आजही निक्षेपाच्याच जातीचं आहे. तिथे मोजून, वजन लिहून, दोघांच्या सह्या घेऊन द्या, आणि परत मागायची वेळ आली तर लेखी मागा. नऊशे वर्षांपूर्वीही आणि कलम 161 खालीही, निकाल बहुतेक वेळा त्या मागितल्याच्या तारखेवरच फिरतो.