छत्रीवाले काका आणि वीस सेकंदांची जाहिरात

इयरफोन लावलेत ना? आज वैतरणा स्टेशनासमोरच्या एका छत्रीच्या दुकानासाठी रेडिओ जाहिरात लिहायची आहे. दुकान काल्पनिक आहे, पण ती लिहायची रीत खरी. आधी थोडं मागे जाऊ.

1950च्या दशकात आकाशवाणीवर जाहिराती नव्हत्या. त्या ऐकू यायच्या रेडिओ सिलोनवर. 1952 साली सुरू झालेली, अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' तर टूथपेस्टच्याच नावाने चालायची. आता बघा, टूथपेस्ट गावोगावी मिळते. लोकांच्या डोक्यात नाव बसलं, की काम झालं. पण सिलोनवरून वैतरण्याच्या छत्रीवाल्याला काय फायदा?

1 नोव्हेंबर 1967 ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्याही मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. आता शहरातलं दुकान आपल्याच शहराच्या केंद्रावर बोलू शकत होतं. मात्र त्याला नुसतं नाव लक्षात राहून चालत नाही. ऐकणाऱ्याने पायात चप्पल घालून दुकानात यायला हवं. म्हणून कुठे यायचं, कधीपर्यंत यायचं आणि येऊन काय करायचं, हे जाहिरातीतच सांगावं लागतं.

चला, लिहू. वेळ वीस सेकंद. सावकाश मराठी बोललं, तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात.

(पावसाचा आवाज, 2 सेकंद)
जिंगल, 5 सेकंद:
पाऊस येवो, वारा येवो,
छत्री आपली उलटी न होवो!
निवेदक, 13 सेकंद:
छत्रीची काडी मोडली? टाकू नका! वैतरणा स्टेशनासमोर, छत्रीवाले काका. या रविवारपर्यंत मोडकी छत्री घेऊन या, एक काडी फुकट बसवून देऊ. रविवारपर्यंत! छत्रीवाले काका, वैतरणा स्टेशनासमोर.

निवेदकाचे शब्द मोजा: पंचवीस. नाव आणि पत्ता दोनदा आलाय, कारण रेडिओ मागे सरकवून ऐकता येत नाही. फोन नंबर मुद्दामच नाही. विरार गाडीत लटकलेला माणूस दहा आकडे कुठे लिहून घेणार? स्टेशन मात्र त्याला पाठ असतं.

इथे हमखास चूक होते ती मालकाच्या आग्रहामुळे. "रेनकोट पण सांगा, ताडपत्री पण सांगा!" मग निवेदक धावत सुटतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तपासायचं असेल, तर जाहिरात घरच्यांना एकदाच वाचून दाखवा. दहा मिनिटांनी विचारा, "कुठे जायचं? काय न्यायचं? कधीपर्यंत?" एक जरी उत्तर अडलं, तर शब्द कमी करा.

अजून एक अडचण आहे. मुंबई केंद्र सगळी मुंबई ऐकते, आणि कुलाब्याचा माणूस एका काडीसाठी वैतरण्याला येत नाही. म्हणून हाच मजकूर रिक्षावरच्या भोंग्यातून गावात फिरवलेला जास्त परवडतो. चालला की नाही, ते रविवारी संध्याकाळी कळेल. काकांनी फक्त मोडक्या छत्र्या मोजायच्या!