दोन वर्तुळांच्या मधली जागा : जातीय निवाडा आणि पुणे करार

कोन (ता. पनवेल) येथील अभ्यासवर्गात आम्ही एका पुस्तकातील वेन आकृतीचा फोटो चर्चेला घेतला. डाव्या वर्तुळावर ‘जातीय निवाडा’, उजव्यावर ‘पुणे करार’ आणि मधल्या सामाईक भागात ‘राखीव जागा’ असे लिहिलेले होते. बहुतेकांनी त्याचा अर्थ असा लावला की मधल्या भागात दोन्ही बाजूंचे एकमत आहे, म्हणजे वाद फार मोठा नव्हता. हा अर्थ तपासला पाहिजे.

सामाईक भाग एवढेच सांगतो की ही बाब दोन्ही योजनांत आहे. ती मिळाली कशी, तिला किती वजन आहे, हे आकृती सांगत नाही.

ऑगस्ट १९३२ च्या निवाड्याने प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांना ७१ खास जागा दिल्या. त्या जागांसाठी मत फक्त अस्पृश्य मतदारांचे. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत होते. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात झालेल्या कराराने जागा १४८ केल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाकडे गेली. अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून एकाला सर्व मतदारांनी निवडून द्यायचे.

म्हणजे मधल्या भागात दोन गोष्टी येतात : राखीव जागा आणि सर्वसाधारण मतदारसंघात मत. ७१ डावीकडे, १४८ उजवीकडे. आणि ‘शेवटचे मत कोणाचे?’ याची उत्तरे दोन वर्तुळांत वेगवेगळी आहेत.

हा फरक केवढा, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा एका मतदारसंघात १००० मतदार आहेत, त्यांत १०० अस्पृश्य. प्राथमिक निवडणुकीत चार जणांना अनुक्रमे ६०, २०, १२ आणि ८ मते पडली. निवाड्याच्या पद्धतीत पहिला सरळ निवडून येतो. कराराच्या पद्धतीत चौघेही पुढे जातात आणि उरलेल्या ९०० मतदारांनी चौथ्याला उचलून धरले, तर ज्याला आपल्या समाजाची फक्त ८ मते होती तो त्या समाजाचा प्रतिनिधी होतो. जागा राखीवच राहते, पण प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी, ते बदलते.

ही प्राथमिक निवडणूकही दहा वर्षांनी संपणार होती. म्हणूनच १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघाची मागणी पुन्हा मांडली. करार होऊन गेल्यावर प्रश्न मिटला असता, तर ही मागणी करण्याचे कारण उरले नसते.

तेव्हा अशी आकृती समोर आली की मित्रांनो, मधला भाग वाचून थांबू नका. त्यातला प्रत्येक शब्द घ्या आणि विचारा : ही गोष्ट दोन्हीकडे आहे, पण ती ठरवण्याचा अधिकार दोन्हीकडे एकाच हातात आहे का? इथे उत्तर ‘नाही’ असे येते.

जय भीम!