रतिबाच्या दुधाचा भाव कसा वाढवावा?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आजूबाजूच्या गावांतून शहरात घरोघरी दुधाचा रतीब घालणारे अनेक जण आहेत. खरेदीचा भाव वाढला की त्यांच्यापुढे प्रश्न येतो: वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला किती वाढवून सांगायचे आणि कधी?

समजा, एक दूधवाला रोज ९० लिटर गाईचे दूध ५६ रुपयांनी घालतो. शेतकऱ्याला तो ४२ रुपये देई आणि पेट्रोल वगैरे लिटरमागे ५ रुपये लागत, म्हणजे हाती ९ रुपये उरत. आता खरेदी ४५ आणि वाहतूक ६ रुपयांवर गेली. भाव तोच ठेवला तर ५ रुपयेच उरतात, दिवसाला ४५० रुपये. भाव ६० केला तर पुन्हा ९ रुपये उरतात आणि तेच ४५० रुपये ५० लिटरमध्येही सुटतात. म्हणजे ४० लिटरचे गिऱ्हाईक तुटले तरच तो आजच्या स्थितीला येईल. एवढी गळती सहसा होत नाही, पण जवळच्या दुकानातली पिशवी बरीच स्वस्त असेल तर हा हिशेब टिकणार नाही. म्हणून तिचा भाव आधी पाहावा.

६० हा आकडा आणखी एका कारणाने बरा: अर्ध्या लिटरचे सरळ ३० रुपये होतात. एक लिटर घेणाऱ्या घराचा महिन्याचा खर्च साधारण १२० रुपयांनी वाढतो. हा आकडा आपणच सांगावा, कारण घरातली बाई तो तसाही लगेच काढते. दर दोन महिन्यांनी रुपया-रुपया वाढवला, तर प्रत्येक वेळी नवी कुरकुर ऐकावी लागते.

रतिबाचा हिशेब महिन्याचा असतो, म्हणून वाढ एक तारखेपासूनच करावी. जुलैपासून वाढवायची तर जूनच्या सुरुवातीला मेचे पैसे घेताना तोंडी सांगावे आणि कार्डावर लिहूनही द्यावे. मध्येच भाव बदलला की खाडे वजा करताना वाद होतो. आगाऊ पैसे दिलेल्यांना तेवढ्या दिवसांचे दूध जुन्याच भावाने घालावे.

बोलणे थोडक्यात असावे: “वहिनी, शेतकऱ्याचा भाव तीन रुपयांनी वाढला, पेट्रोलही वाढलं. एक जुलैपासून लिटरला साठ रुपये होतील. माप आणि दूध तेच राहील.” फार माफी मागितली की घासाघीस सुरू होते. एकाला गुपचूप जुन्या भावाने दिले, तर ते त्याच इमारतीत आठवड्याभरात कळते आणि मग सगळेच दुखावतात.

भाव न वाढवता पाणी घालणे किंवा माप कमी भरणे हा सर्वांत महाग उपाय. साय पातळ झाली की घरच्यांना कळतेच, आणि तो रतीब पुन्हा मिळत नाही. शिवाय भेसळ हा कायद्याने गुन्हा आहे.

पहिले दोन महिने फक्त बंद झालेली घरे मोजू नयेत. दीड लिटरवरून एक लिटरवर आलेली घरेही मोजावीत. खरी घट बहुधा तिथेच दिसते. हिवाळ्यात दूध मुबलक होऊन खरेदीचा भाव उतरला, तर एखादा रुपया स्वतःहून कमी करावा. पुढच्या वाढीच्या वेळी गिऱ्हाईक ते आठवणीत ठेवते.