पंचहौद चहा-प्रकरण : आहारनियम आणि समूहसीमा
कोणाच्या हातचे खावे-प्यावे याचे नियम समूहाची सीमा कशी आखतात, हे पुण्यातील पंचहौद मिशनमधील 1890 च्या चहापानावरून स्पष्ट होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी दिलेल्या चहाच्या वेळी न्यायमूर्ती रानडे, टिळक आदी उपस्थित होते. काहींनी चहा घेतला, तर काहींनी पेल्याला केवळ हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध करताच ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहा हा पदार्थ निषिद्ध नव्हताच, दोष मानला गेला तो देणाऱ्याच्या हाताचा. बहिष्काराचा खरा जाच घरच्या श्राद्ध-विवाहाला पुरोहित आणि पंक्तीला माणसे न मिळण्यात होता. त्यातून मित्रांची सुटका व्हावी म्हणून 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनीच त्यांच्यावर टीका केली.