नोकरीविषयक संकेतस्थळांवरील प्रीमियम योजना (उमेदवारांसाठी)

उमेदवारांसाठीच्या प्रीमियम योजना म्हणजे नोकरीविषयक संकेतस्थळांनी (जॉब पोर्टलांनी) नोकरी शोधणाऱ्या व्यक्तींना ठरावीक मुदतीसाठी विकलेल्या सशुल्क सोयी होत. या सोयींचे तीन मुख्य प्रकार आहेत: रेझ्युमे ठळक दाखवणे, रिक्रूटरच्या शोधयादीत वरचा क्रम देणे आणि दरमहा करता येणाऱ्या अर्जांची किंवा संदेशांची मर्यादा वाढवणे. या योजनेत नोकरीची हमी नसते. उमेदवार विकत घेतो तो रांगेतील जागा. ती जागा कितपत उपयोगी ठरेल, हे रांग कशी तयार होते यावर अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

भारतात सरकारी सेवायोजन कार्यालयांत नाव नोंदवण्यासाठी उमेदवाराला शुल्क द्यावे लागत नसे. इंटरनेटवरील खासगी संकेतस्थळांनीही साधी नोंदणी विनामूल्य ठेवली आणि जाहिराती व रेझ्युमेंचा साठा वापरू देण्याचे पैसे नियोक्त्यांकडून घेतले. इन्फो एज या कंपनीने १९९७ मध्ये सुरू केलेल्या नोकरी डॉट कॉमचे मुख्य उत्पन्न याच मार्गाने येते. उमेदवारांसाठीच्या सशुल्क सेवा ही कंपनी ‘नोकरी फास्टफॉरवर्ड’ या नावाने विकत आली आहे. २००३ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या लिंक्डइनने २००५ मध्ये सशुल्क सदस्यत्व आणले.

नियोक्ता हा या व्यवसायाचा मोठा ग्राहक असल्यामुळे उमेदवाराला किती सवलत विकता येईल याला मर्यादा पडते. पैसे भरलेले परंतु पदासाठी अयोग्य असलेले उमेदवार सतत वर दिसू लागले, तर रिक्रूटर संकेतस्थळ सोडून जाईल. म्हणून सशुल्क प्राधान्य बहुधा पात्रतेची गाळणी झाल्यानंतरच लागू केले जाते.

## शोधयादी आणि दृश्यता

रिक्रूटर रेझ्युमेंच्या साठ्यात शोध घेतो, तेव्हा दोन टप्पे घडतात. पहिल्या टप्प्यात गाळणी होते. कौशल्यांचे शब्द, अनुभवाची वर्षे, शहर, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड आणि उमेदवार संकेतस्थळावर शेवटचा केव्हा सक्रिय होता, या निकषांत न बसणारे रेझ्युमे यादीत येतच नाहीत. दुसऱ्या टप्प्यात उरलेल्यांचा क्रम लावला जातो. प्रीमियम योजनेचा प्रभाव दुसऱ्या टप्प्यावर पडतो, पहिल्यावर नाही.

पुढील उदाहरण काल्पनिक आकड्यांचे आहे. पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्याला लेखापाल हवा आहे. रिक्रूटरने ‘टॅली’ व ‘जीएसटी रिटर्न’ हे शब्द, ३ ते ६ वर्षे अनुभव, पुणे परिसर आणि जास्तीत जास्त ३० दिवसांचा नोटीस पीरियड असे निकष दिले. त्यांत ३२० रेझ्युमे बसले. एका पानावर ४० याप्रमाणे यादी आठ पानांची झाली. रिक्रूटरला दहा जणांशी बोलायचे असल्याने ती पहिली दोन पाने, म्हणजे ८० रेझ्युमे पाहून थांबते.

यादीत २१० व्या क्रमांकावर असलेली उमेदवार सहाव्या पानावर आहे, म्हणजे ती दिसतच नाही. तिने क्रम वाढवणारी योजना घेतली आणि ३२० पैकी तिच्यासह २५ जणच सशुल्क असले, तर ती पहिल्या पानावर येते. मात्र अशा उमेदवारांची संख्या १२० झाली, तर त्यांचीच तीन पाने भरतात. त्यांच्या आपसातील क्रमाविषयी काहीच माहीत नसेल, तर पहिल्या ८० मध्ये येण्याची तिची शक्यता तीनात दोन एवढी राहते. योजना घेणारे जितके वाढतात, तितके प्रत्येकाच्या प्राधान्याचे मोल घटते.

याच उदाहरणातील दुसऱ्या उमेदवाराने जीएसटीचे काम केले आहे, परंतु रेझ्युमेत ‘करविषयक कामकाज’ एवढेच लिहिले आहे. तो ३२० जणांत नाही. कोणतीही योजना त्याला या यादीत आणू शकत नाही. विवरणातील शब्द बदलले, तर मात्र तो विनाशुल्क यादीत येतो. अनेक संकेतस्थळे अलीकडे सक्रिय असलेल्यांना वर ठेवतात. त्यामुळे नियमित लॉगिन करून माहिती अद्ययावत ठेवल्यानेही क्रम काही प्रमाणात सुधारतो.

दृश्यता वाढली की सध्याच्या नियोक्त्याच्या नजरेस पडण्याचा धोकाही वाढतो. ठरावीक कंपन्यांपासून माहिती लपवण्याची सोय अनेक संकेतस्थळांवर असते, परंतु त्या कंपनीसाठी भरती करणाऱ्या बाहेरच्या सल्लागार संस्थेला ती लागू होईलच असे नाही.

## रेझ्युमे ठळक दाखवणे

ठळक दर्शनात उमेदवाराच्या नावाभोवती रंगीत पट्टी, चिन्ह किंवा ‘प्राधान्य अर्जदार’ यासारखा शिक्का दिसतो. ठळकपणा आणि क्रम या वेगळ्या सोयी आहेत. क्रम न बदलता केवळ पट्टी मिळाली, तर वरील उदाहरणातील उमेदवार सहाव्या पानावरच राहते आणि ती पट्टी कोणी पाहत नाही. म्हणून योजनेच्या वर्णनात ‘ठळक’ म्हटले आहे की ‘वर’ हे तपासावे लागते.

दुसरी मर्यादा अर्जाच्या मार्गातून येते. अनेक जाहिरातींतील ‘अर्ज करा’ हे बटण उमेदवाराला कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नेते. तेथे अर्ज कंपनीच्या भरती-सॉफ्टवेअरमध्ये नव्याने भरला जातो आणि पोर्टलवरील शिक्का त्यासोबत जात नाही. ज्या उमेदवाराचे बहुतेक अर्ज या मार्गाने जातात, त्याला ठळकपणाचा लाभ अल्प असतो.

## मासिक मर्यादा

काही संकेतस्थळे विनामूल्य सदस्यांना महिन्यास ठरावीक अर्ज करू देतात आणि योजनेत ती संख्या वाढवतात. अन्यत्र मर्यादा संदेशांवर असते. उदाहरणार्थ, लिंक्डइनच्या ‘प्रीमियम करिअर’ योजनेत ओळखीबाहेरच्या व्यक्तीस पाठवायचे ‘इनमेल’ संदेश दरमहा पाच मिळतात. मर्यादेमागे महसुलाखेरीज आणखी एक कारण आहे. अर्ज करणे अगदी सोपे झाले की एका पदासाठी असंबद्ध अर्जांचा ढीग साचतो आणि तो चाळण्याचे काम नियोक्त्यावर पडते.

वाढीव मर्यादेचा उपयोग जास्तीचे अर्ज कोठे जातात यावर ठरतो. समजा, योजनेची किंमत १,००० रुपये असून त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून १,१८० रुपये होतात. एका उमेदवाराने विनामूल्य २० अर्जांत दोन मुलाखतींचे बोलावणे मिळवले होते. योजनेनंतर त्याने ६० अर्ज केले. जास्तीचे ४० अर्जही तितक्याच जुळणाऱ्या पदांसाठी असतील, तर आणखी चार बोलावणी येतील आणि प्रत्येकाचा खर्च २९५ रुपये पडेल. परंतु जुळणारी पदे पहिल्या वीसांतच संपली असतील आणि उरलेल्या ४० अर्जांतून एकच बोलावणे आले, तर त्या एकासाठी १,१८० रुपये खर्च होतात. महिन्याला १५ अर्जही न करणाऱ्यास वाढीव मर्यादेचा काहीच उपयोग नसतो.

मोजणीच्या नियमांतही फरक असतो. मर्यादा कॅलेंडर महिन्याच्या १ तारखेला नव्याने सुरू होत असेल, तर २५ तारखेला योजना घेणाऱ्याला पहिल्या महिन्याचा वाटा आठवडाभरातच वापरावा लागतो. ती खरेदीच्या तारखेपासून मोजली जात असेल, तर ही अडचण येत नाही. न वापरलेले अर्ज पुढच्या महिन्यात जातात का, मागे घेतलेला अर्ज परत मिळतो का आणि कंपनीच्या संकेतस्थळावर नेणारा अर्ज मोजला जातो का, हे अटींत पाहावे लागते.

## परिणामाचे मोजमाप

योजना घेणाऱ्यांना अनेक पटींनी अधिक प्रतिसाद मिळतो, असे दावे जाहिरातींत असतात. अशा तुलनेत एक दोष असतो: पैसे भरणारे उमेदवार मुळातच अधिक सक्रिय असतात, रेझ्युमे सुधारतात आणि जास्त अर्ज करतात. त्यामुळे वाढलेल्या प्रतिसादाचे श्रेय केवळ योजनेला देता येत नाही.

उमेदवार स्वतःच्या खात्यावरील तीन आकडे योजनेआधीच्या व नंतरच्या समान कालावधीत ताडून पाहू शकतो: शोधात किती वेळा नाव आले, रेझ्युमे किती वेळा उघडला गेला आणि किती जणांनी संपर्क केला. शोधातील आकडाच कमी असेल, तर अडचण बहुधा गाळणीत, म्हणजे शब्द, शहर किंवा नोटीस पीरियड यांत असते. नाव दिसते पण रेझ्युमे उघडला जात नाही, तेव्हा शीर्षकओळ किंवा यादीतील खालचा क्रम कारणीभूत असू शकतो. रेझ्युमे उघडूनही संपर्क होत नसेल, तर दोष मजकुरात किंवा पगाराच्या अपेक्षेत शोधावा लागतो. यांपैकी केवळ क्रमाच्या अडचणीवर प्रीमियम योजना हा थेट उपाय आहे.

## नियमन आणि वाद

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या करार क्रमांक १८१ मधील कलम ७ नुसार अशा संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, असे तत्त्व असून त्याला काही अपवाद ठेवले आहेत. भारताने हा करार स्वीकृत केलेला नाही. ठळकपणा विकणे ही जाहिरात-सेवा आहे की नोकरी मिळवून देण्याचेच अप्रत्यक्ष शुल्क, हा या योजनांविषयीचा मूलभूत प्रश्न आहे. टीकाकारांच्या मते उत्पन्न नसलेल्या व्यक्तीकडून पैसे घेऊन पैसे न भरणाऱ्याला मागे ढकलले जाते. समर्थकांच्या मते मूळ सेवा विनामूल्यच राहते आणि योजना ऐच्छिक असते.

भारतात या योजनांना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन व्यवहारांतील १३ फसव्या रचनांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करणे आणि खोटी घाई दाखवणे या रचना त्यांत येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते.

प्रीमियम योजनेच्या नावाखाली फसवणूकही होते. भामटे संकेतस्थळाचे कर्मचारी असल्याचे सांगून ‘निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असे कळवतात. खरी योजना दृश्यता विकते. त्यामुळे विशिष्ट नोकरी किंवा मुलाखत निश्चित असल्याचे सांगून मागितलेले पैसे हे फसवणुकीचे लक्षण मानले जाते.

## विनामूल्य पर्याय

केंद्रीय श्रम मंत्रालयाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ या संकेतस्थळावर आणि महाराष्ट्र शासनाच्या ‘महास्वयंम’वर उमेदवारांना विनामूल्य नोंदणी करता येते.

## हे सुद्धा पहा

- सेवायोजन कार्यालय
- नोकरी डॉट कॉम
- लिंक्डइन
- ग्राहक संरक्षण कायदा, २०१९